फणसाच्या गऱ्यांचं मशीन आणि घरातले तीन ब्रेकइव्हन

पत्र: नमस्कार दादा, आम्ही लांज्याजवळ राहतो, कोकम आगळ आणि काजूचं छोटं युनिट आहे. आता फणसाचे तळलेले गरे सुरू करायचेत. व्हॅक्यूम फ्रायर आणि पॅकिंगचं मशीन मिळून १२ लाख, ५ वर्षं चालेल असं धरलंय. २०० ग्रॅमचं पाकीट दुकानदाराला १२० ला जाईल, त्यात फणस, तेल, पाऊच, मजुरी, गाडीभाडं मिळून ७० खर्च. शिवाय वर्षाचा बांधील खर्च ३ लाख ६० हजार. मिस्टर म्हणतात ७,२०० पाकिटं गेली की झालं, सीए म्हणतात १२,०००, आणि पुतणी एमबीए करतेय ती म्हणते १४,३६०. आमचा अंदाज १३,००० चा आहे. सीझनला दिवसाला २०० पाकिटं निघतील, साधारण ७५ दिवस. डिसेंबरात मशीनचा अॅडव्हान्स द्यायचाय, जानेवारीत ते बसेल. तिघांत बरोबर कोण?

उत्तर: ताई, गंमत म्हणजे तिघांचंही गणित बरोबर आहे, मी कागदावर करून बघितलं. फक्त तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत आणि ते तिघांनाही माहीत नाहीये, म्हणून घरात वाद.

तिघांचा पाया एकच आहे. १२० मधून ७० गेले, पाकिटामागे ५० रुपये उरले. हे ५० म्हणजे नफा नव्हे, वरचे खर्च भरायला प्रत्येक पाकीट ५० रुपये घेऊन येतं एवढंच. आता या पन्नासांनी नक्की काय काय भरायचं, तिथे तिघांच्या वाटा फुटतात.

मिस्टरांनी भरलाय फक्त खिशातून दर वर्षी जाणारा पैसा. ऑपरेटरचा पगार, विजेचा स्थिर आकार, लायसन्स, शेडचं भाडं वगैरे ३ लाख ६०. भागिले ५०, आले ७,२००. याला कॅश ब्रेकइव्हन म्हणतात. ७,२०० पाकिटं विकलीत तर वर्षाच्या शेवटी गल्ल्यात शून्य वाढ आणि शून्य घट. घरातून पैसे घालावे लागले नाहीत, ठीक आहे, पण मशीनला घातलेल्या १२ लाखांतला एक रुपयासुद्धा परत आला नाही. असं ५ वर्षं चाललं तर पाचव्या वर्षाअखेर मशीन भंगारात आणि १२ लाख कायमचे गेले. एवढं असूनही रोजचं चालू होतं, दुकानदार ऑर्डर देत होते, घरात सगळ्यांना वाटत होतं धंदा चाललाय. कोकणात अशी युनिटं मी भरपूर बघितलीत, शटर बंद होत नाही आणि मालक वर पण येत नाही.

सीएंनी त्यात घसारा घातला. १२ लाख भागिले ५ वर्षं, दर वर्षी २ लाख ४० हजार. मग ३.६० अधिक २.४० म्हणजे ६ लाख, भागिले ५०, झाले १२,०००. हा अकाउंटिंग ब्रेकइव्हन, म्हणजे नफातोटा पत्रकात खाली शून्य येतं तो आकडा. वरवर बघितलं तर हा मिस्टरांच्या आकड्यापेक्षा बराच शहाणा वाटतो, कारण मशीन झिजतंय हे त्याला कळतं. पण बरोबर १२,००० पाकिटं विकली तर काय होतं ते बघा. दर वर्षी हातात २ लाख ४० हजार उरतात, ५ वर्षांत १२ लाख. जेवढे घातले तेवढेच, उघडेबोडके, आणि तेसुद्धा ५ वर्षांत थोडे थोडे करून. तेच १२ लाख बँकेत नुसते एफडीत पडून असते तरी व्याज मिळालं असतं, उन्हातान्हात फणस फोडत बसावं लागलं नसतं, हाताला चीकही लागला नसता.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझं स्वतःचं काजू फोडायचं मशीन होतं, पाच वर्षं बॅलन्सशीटवर दर वर्षी थोडा थोडा नफा दिसायचा, मी खूश. मशीन बदलायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की नवं मशीन आधीच्यापेक्षा महाग झालंय आणि जमलेल्या पैशात ते येत नाही, बायकोच्या एफडीला हात लावावा लागला. तोटा कुठल्याच वर्षी झाला नव्हता, आणि तरी पैसे कमी होते. त्या दिवसापासून मला अकाउंटिंग ब्रेकइव्हन या शब्दाची जरा भीतीच वाटते.

अजून एक गोष्ट सीएंना नीट विचारा, कारण त्यांचा आकडा जागचा हलतो. त्यांनी दर वर्षी सारखा घसारा धरलाय. इन्कम टॅक्सच्या हिशेबात साध्या मशिनरीला १५ टक्के घसारा मिळतो आणि तो दर वर्षी उरलेल्या किमतीवर, म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख ८० हजार, पुढे कमी कमी होत जातो. त्यात मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर पहिल्या वर्षी निम्माच. तुमचं मशीन जानेवारीत बसणार, मार्च अखेरपर्यंत १८० दिवस कुठले होतायत! म्हणजे त्या पद्धतीने पहिल्या वर्षीचा घसारा फक्त ९० हजार, आणि ब्रेकइव्हन एकदम ९,०००. मशीन तेच, फणस तेच, तळायला लागणारी मेहनत तीच, फक्त हिशेबाची पद्धत बदलली आणि १२,००० चे ९,००० झाले. जो आकडा वहीतल्या पद्धतीने असा बदलतो त्याच्यावर १२ लाखांचा निर्णय कसा घ्यायचा? सीएंचा आकडा टॅक्ससाठी आणि बँकेला कागद दाखवण्यासाठी लागतोच, त्यासाठीच ठेवा.

आता पुतणी. तिने घसारा बाजूला ठेवला आणि वेगळा विचार केला, की हे १२ लाख जर मी स्वतःलाच १५ टक्के व्याजाने कर्ज दिले आणि वर्षाला एक असे ५ हप्ते लावले, तर हप्ता किती? एक्सेलमध्ये हे टाका:

```
=PMT(15%,5,-1200000)
```

उत्तर येतं साधारण ३ लाख ५८ हजार. घसारा २.४० होता, त्याच्या जागी हा हप्ता ३.५८, फरक १ लाख १८ हजाराचा, आणि तोच पैशाच्या वेळेचा मोबदला जो सीएंच्या कागदावर कुठेच नाही. ३.६० अधिक ३.५८, भागिले ५०, १४,३६०. हा फायनान्शियल ब्रेकइव्हन. या आकड्याला मुद्दल परत येतं आणि वर १५ टक्केसुद्धा सुटतात, ना जास्त ना कमी. याच्या खाली प्रत्येक पाकीट म्हणजे तुम्ही स्वतःच्या पैशाला स्वस्तात राबवताय. मोठी माणसं याला एनपीव्ही शून्य म्हणतात, आपण हप्ता सुटला म्हणू.

इथे एक घोळ हमखास होतो. बँकेचा ईएमआय आणि हा हप्ता एक नव्हेत. समजा १२ पैकी ९ लाख बँकेने दिले, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी, तर महिन्याला साधारण १९,५७० आणि वर्षाला २ लाख ३५ हजार. मिस्टरांच्या ३.६० मध्ये हे मिळवलं तर ब्रेकइव्हन येतो ११,९०० च्या आसपास, म्हणजे सीएंच्या आकड्याच्या अगदी शेजारी, आणि माणसाला वाटतं बघा दोन्हीकडून बारा हजारच येतंय, मग बरोबरच असणार. नुसता योगायोग आहे तो. ईएमआयमध्ये तुमचे स्वतःचे ३ लाख मोजलेलेच नाहीत, ते जणू फुकट आलेत.

तर पुतणी जिंकली का? पुतणी योग्य प्रश्नाचं उत्तर देतेय, पण तिच्याकडूनही एक गोष्ट राहिली, आणि आपल्या कोकणातल्या मालात नेमकी तीच मोठी असते. तुमचा फणस मिळणार फेब्रुवारी अखेर ते मे, म्हणजे वर्षाचा सगळा माल अडीच महिन्यांत तळून ठेवायचा. विक्री कधी? थोडी मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा, मग पावसात थंडा कारभार, मग गणपती, मग दिवाळी. फणसवाल्याला रोख, फोडणाऱ्या बायकांना आठवड्याला रोख, तेलाचे डबे रोख, आणि दुकानदार पैसे देणार दीड महिन्याने. म्हणजे मशीनशिवाय दरवर्षी काही रक्कम मालात आणि उधारीत अडकून राहणार. वर्षभराची सरासरी मी फक्त ३ लाख धरतो, १३,००० पाकिटांना ७० रुपयांनी ९ लाखांवर खर्च होतोय तेव्हा हे काही जास्त नाही. हे ३ लाख पाचव्या वर्षाअखेर परत येतील, बुडणार नाहीत, म्हणून सीएंच्या हिशेबात ते खर्च नाहीतच आणि मिस्टरांच्याही नाहीत. पण ५ वर्षं ते अडकलेत, १५ टक्क्यांनी वर्षाला ४५ हजार त्यांचं भाडं. तेवढे मिळवले की फायनान्शियल ब्रेकइव्हन होतो १५,२६०.

आता तुमच्याच पत्रातली सीझनची ओळ परत वाचा. दिवसाला २०० पाकिटं, ७५ दिवस. १५,०००.

म्हणजे एकही दिवस लाइट न जाता, एकही दिवस अवकाळी न पडता, सगळं मशीन पूर्ण ताकदीने चाललं आणि शेवटचं पाकीटसुद्धा विकलं गेलं, तरी हे गरे एकट्याने स्वतःचा हप्ता फेडू शकत नाहीत. आणि तुमचा अंदाज तर १३,००० चा. १३,००० ला सीएंच्या कागदावर वर्षाला ५० हजार नफा दिसेल, त्यांच्या आकड्यापेक्षा हजार पाकिटं जास्त गेली म्हणून घरात पेढे वाटले जातील, आणि ५ वर्षांचा पैसा आजच्या किमतीत आणून मोजला तर तुम्ही पावणेचार लाखांच्या आसपास घालवलेत. ब्रेकइव्हन काढला की त्याच्या शेजारी मशीनची सीझनची ताकद लिहायची सवय लावा, नुसता आकडा काहीच सांगत नाही.

१५ टक्केच का, हा प्रश्न मिस्टर विचारतील. बँक ११ ने देते, आणि फणसाच्या धंद्यात बँकेपेक्षा जास्त धोका तुम्ही स्वतः घेताय म्हणून थोडं वर धरलं. १२ टक्के धरले तरी आकडा साधारण १४,५८० येतो, म्हणजे जेमतेम सातशे पाकिटांचा फरक. त्यावर वाद घालत बसू नका. खरा वाद घालायची जागा त्या ५० रुपयांत आहे. दुकानदाराने फक्त ५ रुपये जास्त मार्जिन मागितलं आणि तुम्ही हो म्हणालात तर पन्नासाचे पंचेचाळीस होतात, आणि ब्रेकइव्हन जातो १६,९५० च्या वर. व्याजदराच्या तीन टक्क्यांपेक्षा हे पाच रुपये दुपटीहून जास्त महाग. म्हणून मला आधी विचारायचंय की हे १२० जीएसटी वगळून आहेत ना? दहावर एक फ्री अशी स्कीम द्यावी लागेल का? खवट झालेली पाकिटं परत घ्यायची बोली आहे का? आणि तळणीचं तेल किती घाण्यांनी टाकून द्यायचं ते ७० मध्ये धरलंय का? एफएसएसएआयच्या नियमात तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, म्हणजे टाकलेलं तेल हा खर्च आहेच, आणि घरगुती हिशेबात बहुतेक वेळा तोच सुटतो. उलट बाजूने, ३ लाख ६० मध्ये जुन्या कोकमाच्या शेडचं भाडं किंवा हिशेबनिसाचा पगार अर्धा अर्धा वाटून घातला असेल तर तो काढून टाका, गरे केले नाहीत तरी तो जाणारच होता.

बाकी टॅक्स मी यात मुद्दाम धरला नाही, नफा झाला तर त्यातून कर जाईल म्हणून खरा आकडा अजून थोडा वर असतो, पण आधी मूळ गणित तर बसू दे.

आता बसवायचं कसं. मला दोन वाटा दिसतात.

पहिली सबसिडी. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत अशा सूक्ष्म युनिटला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाला जोडून अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतायत का ते जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारून या. तुमच्या १२ लाखांवर ते होतं ४ लाख २० हजार. घाईघाईत लोक ते सरळ वजा करतात, मग आकडा येतो १२,७५०, आणि तुमचे १३,००० एकदम पास. पण ते पैसे पहिल्या दिवशी हातात येत नाहीत, ते बँकेत बाजूला ठेवले जातात आणि ३ वर्षं कर्जखातं नीट चाललं, युनिट सुरू राहिलं तर मग कर्जात वळते होतात. ३ वर्षांनी मिळणाऱ्या ४.२० ची आजची किंमत १५ टक्क्यांनी पावणेतीन लाखच, आणि मग ब्रेकइव्हन येतो १३,६०० ला. म्हणजे मदत चांगली होते, पण तुमचा अंदाज अजून सहाशे पाकिटांनी कमीच पडतो. आणि बघा, सबसिडीने सीएंचा आणि पुतणीचा आकडा खाली आला, मिस्टरांचा ७,२०० जागचा हलला नाही, कारण मशीन कितीला घेतलं याच्याशी त्या आकड्याला देणंघेणंच नाही.

दुसरी वाट मला जास्त पटते. फ्रायर वर्षातले साडेनऊ महिने झाकून ठेवणार आहात, आणि हप्ता मात्र बाराही महिन्यांचा. फणस संपला की केळी तळा. केळ्याच्या पाकिटात स्पर्धा जास्त म्हणून २० रुपयेच सुटतील असं धरू. सबसिडी नाही असं समजून १३,००० गऱ्यांच्या पाकिटांतून ६ लाख ५० येतात, लागतात ७ लाख ६३, खड्डा १ लाख १३ हजाराचा. २० ने भागलं की ५,६५० पाकिटं. पण थांबा, ऑपरेटर जास्त महिने ठेवावा लागेल, त्याचे ४० हजार मिळवा, मग ७,६५०. साडेनऊ महिन्यांत महिन्याला आठशेच्या आसपास. लांजा, रत्नागिरी, हायवेचे स्टॉल आणि गणपतीची मागणी धरून हे जमेल का ते मला इथून सांगता येणार नाही, तुम्हीच आधी दुकानात फिरून बघा, आणि मशीन घ्यायच्या आधी कोणाकडून तरी जॉबवर्कवर शंभर दोनशे पाकिटं तळून घेऊन ठेवून बघा. पुन्हा किती जणांनी मागितली, ते मोजा.

माझं मत विचाराल तर आहे तसा प्लॅन घेऊन डिसेंबरात अॅडव्हान्स देऊ नका. केळ्याची बाजू आणि दुकानदाराचं मार्जिन पक्कं झालं तर द्या.

आणि मिस्टरांचा आकडा फेकून देऊ नका, त्याचा दिवस पुढे येणार आहे. समजा मशीन घेतलं, आणि तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस लागला, फणस कमी, अंदाज ९,००० च निघतोय. तेव्हा पुतणी म्हणेल १५,२६० नाही होत, बंद ठेवा. तेव्हा तिचं ऐकू नका. १२ लाख तर केव्हाच गेलेले आहेत, बंद ठेवून ते परत येत नाहीत, आणि ९,००० पाकिटांना वर्षाला ९० हजार हातात येतात. त्या दिवशी फक्त एवढंच बघायचं की चालवल्याने जास्त येतात की बंद ठेवल्याने. तेव्हासुद्धा ७,२०० जसाच्या तसा घेऊ नका, कारण ३.६० मधलं शेडचं भाडं बंद ठेवलं तरी द्यावंच लागेल. ते समजा १ लाख २० असेल, तर सीझन बंद ठेवून वाचणार २ लाख ४० च, आणि फ्रायर पेटवायची खरी रेषा ४,८०० पाकिटांवर येते. पाच हजारांची ऑर्डर असली तरी पेटवा, आणि त्या वर्षी फोडणाऱ्या बायकांशी जानेवारीतच बोलून ठेवा, नाहीतर त्या आंब्याच्या पेट्या भरायला जातील आणि फणस झाडावरच पिकेल.